लिथियम घ्यायची, पण कोणती? एलएफपी आणि एनएमसी

मे महिन्यात यावल तालुक्यातल्या माझ्या आतेभावाने दोन फोटो पाठवले. त्याच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी चौथ्या उन्हाळ्यात बसली होती. रात्री लाइट गेली की तासाभरात पंखे मान टाकायचे. दुकानदार म्हणाला, आता पाणी टाकायची भानगड नको, लिथियम घ्या. तिथे दोन डबे होते. दोन्हींवर ‘लिथियम’ आणि दोन्हींवर ‘१०० एएच’ लिहिलेलं. एक २१ हजाराला, दुसरा १५ हजाराला. आतेभावाचा प्रश्न सरळ होता, “दादा, सहा हजार कशाचे?”

फोटो मोठा करून पाहिला. महाग डब्यावर १२.८ व्होल्ट, स्वस्तावर ११.१ व्होल्ट. सहा हजारांचं उत्तर त्या दोन आकड्यांतच होतं, पण ते समजायला सेलच्या आत डोकावावं लागतं.

लिथियम बॅटरी हे एकाच वस्तूचं नाव नाही. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात आणि वापरताना परत येतात, एवढंच सगळ्यांत समान. एक बाजू ग्राफाइटची असते, ती दोन्ही डब्यांत सारखीच. फरक आहे तो दुसऱ्या बाजूत, म्हणजे लिथियमचं मूळ घर कशाचं बांधलंय त्यात. एलएफपीमध्ये ते घर लोह आणि फॉस्फेटचं असतं. एनएमसीमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचं.

एनएमसीचं घर डोळ्यांसमोर आणायला खान्देशात लांब जायला नको. घड उतरवल्यावर केळीचा खांब आडवा कापतो, तेव्हा आत थरावर थर दिसतात. एनएमसीची रचना तशीच थरांची आहे आणि लिथियम त्या थरांच्या मधल्या सांदीत बसलेलं असतं. जागा मोकळी, येजा सोपी, म्हणून थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा मावते. पण पूर्ण चार्ज करणं म्हणजे त्या सांदीतलं बरंचसं लिथियम बाहेर काढणं. आधार गेला की थर डळमळतात. एलएफपीचं घर पक्क्या बांधकामाचं आहे. लिथियमला जायला त्यात फक्त अरुंद बोळ असतात, पण लिथियम निघून गेलं तरी भिंती उभ्या राहतात.

हे लोखंडाचं घर तसं जुनं नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी १९९७ साली त्यावरचा शोधनिबंध छापला. गुडइनफना पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. सुरुवातीला या पदार्थातून वीज नीट वाहायचीच नाही. कण फार बारीक करून त्यांवर कार्बनचा लेप द्यायची युक्ती सापडली, तेव्हा कुठे तो कामाचा झाला.

आता व्होल्टकडे येऊ. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि ३.६५ ला पूर्ण भरतो. एनएमसीचा सेल ३.६ ते ३.७ व्होल्टचा आणि ४.२ ला भरतो. बॅटरी बनवताना सेल एकापुढे एक जोडतात. चार एलएफपी जोडले की १२.८ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर १४.६. तीन एनएमसी जोडले की ११.१, पूर्ण भरल्यावर १२.६.

घरातला इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीसाठी बनलेला असतो. तो चार्जिंगला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. चार एलएफपी सेलांत हे वाटले की प्रत्येकाला ३.६ येतात, म्हणजे भरण्याच्या मर्यादेच्या किंचित आत. हा निव्वळ योगायोग आहे, पण फार सोयीचा. हेच १४.४ व्होल्ट तीन एनएमसी सेलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.८ येतात. मर्यादा ४.२ ची आहे.

दुकानदार म्हणेल, आत बीएमएस आहे, तो तोडतो. तोडतो हे खरं. बीएमएस म्हणजे प्रत्येक सेलच्या व्होल्टवर नजर ठेवणारी आणि गरज पडली तर वाट बंद करणारी पाटी. पण ती अपघातासाठी ठेवलेली असते. इथे तिला रोज रात्री, लाइट आल्यावर प्रत्येक वेळी, तेच काम करावं लागणार. त्या पाटीवरचा मॉसफेट हा स्विच खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. मग सेल आणि ४.८ व्होल्ट यांच्यामध्ये काहीच उरत नाही. एखादा कारागीर तीनऐवजी चार एनएमसी सेल जोडून देतो. ते धोक्याचं नाही, पण प्रत्येकाला ३.६ च मिळाल्याने बॅटरी अर्धीसुद्धा भरत नाही आणि गिऱ्हाईक ‘लिथियम भंगार असते’ म्हणत फिरतो.

म्हणजे घरच्या बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरला एनएमसी बसतच नाही. किमतीआधी एवढं पाहिलं तरी निकाल लागतो. पण आतेभाऊ हटणारा नाही. त्याचा पुढचा प्रश्न होता, “मग कंपन्या गाड्यांत एनएमसी का घालतात?”

कारण वजन. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, पेन्सिल सेलपेक्षा थोडा मोठा, असा एक नळकांडी सेल सगळीकडे मिळतो. त्याच मापात एनएमसी भरलं तर साधारण नऊ वॉट-तास ऊर्जा बसते आणि एलएफपी भरलं तर पाचच्या आसपास. वजनात मात्र पाच-सहा ग्रॅमचाच फरक. मोठ्या चौकोनी सेलांत एलएफपीची बाजू सुधारते. तिथे किलोमागे १६० वॉट-तास धरायला हरकत नाही, तर चांगल्या एनएमसीचे २४० पर्यंत जातात. तीन युनिटच्या स्कूटरला एनएमसीचे सेल साडेबारा किलोचे होतील आणि एलएफपीचे जवळपास १९ किलोचे, शिवाय जागा जास्त लागेल ती वेगळीच. सीटखाली जागा थोडी, आणि काही गाड्यांत बॅटरी काढून जिना चढायचा असतो. तिथे सहा-सात किलो म्हणजे थट्टा नाही. चारचाकीत खाली ऐसपैस जागा असते, म्हणून तिथे एलएफपी झपाट्याने शिरली. घरात ओट्याखाली बसणाऱ्या बॅटरीला तर वजनाशी देणंघेणंच नाही. आतेभावाची जुनी शिशाची बॅटरी पन्नास किलोच्या वर होती, ती एकदा ठेवल्यावर चार वर्षं कोणी हलवली नव्हती.

आता आयुष्य. पूर्ण भरणं आणि पूर्ण रिकामं करणं याचं एक सायकल धरतात आणि क्षमता ८० टक्क्यांवर आली की ‘आयुष्य संपलं’ म्हणतात. संपलं म्हणजे बंद पडली असं नाही, पूर्वी चार तास चालणारी आता सव्वातीन तास चालते इतकंच. बऱ्या प्रतीची एलएफपी ३,००० सायकल देते, काही त्याहून बऱ्याच जास्त देतात. एनएमसीचं १,००० ते २,००० च्या दरम्यान धरावं.

हा फरक का पडतो? एलएफपी कमी व्होल्टवर काम करते. सेलमधलं द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, त्या व्होल्टला शांत असतं. एनएमसी ४.२ ला पोचते तेव्हा ते द्रव सहनशक्तीच्या काठावर येतं आणि पृष्ठभागावर थोडं थोडं जळत राहतं. वर त्या घराच्या भिंतीतले धातूचे अंश विरघळून समोरच्या ग्राफाइटवर जाऊन बसतात आणि त्याच्यावरचा संरक्षक पापुद्रा बिघडवतात. तो पापुद्रा पुन्हा दुरुस्त होताना लिथियम खातो. गेलेलं लिथियम परत येत नाही, म्हणून क्षमता घटते. निकेलचं प्रमाण जास्त असेल तर कणांना तडेही जातात.

आणि इथे आपला उन्हाळा मध्ये येतो. बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की ही सगळी रासायनिक झीज साधारण दुपटीने होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर जातो. अशा उन्हात काठोकाठ भरलेली एनएमसी महिनाभर नुसती ठेवणं हा तिला मारायचा सगळ्यात सोपा उपाय आहे. एलएफपीलाही उष्णता मानवत नाही, पण ती जास्त सोसते. तिला खरी भीती थंडीची. शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही आणि कडक थंडीत तिचा जोरही उतरतो. लेहमध्ये ही अडचण आहे, यावलमध्ये नाही.

आतेभावाचा हिशेब मांडून पाहू. लाइट गेल्यावर तीन पंखे आणि दोन ट्यूब, मिळून २६५ वॉट. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, म्हणून बॅटरीवर भार ३१० च्या आसपास. १२.८ ला १०० ने गुणलं की १,२८० वॉट-तास, म्हणजे सव्वा युनिटच्या वर. भार सतत तेवढाच राहिला तर सुमारे चार तास. रोज एक युनिट काढलं असं धरू. २१ हजारांत ३,००० वेळा एक युनिट मिळालं तर युनिटला सात रुपये पडले. १५ हजारांच्या डब्यातले सेल अगदी नवे आहेत असं मानलं आणि १,००० वेळा मिळालं, तरी युनिटला पंधरा रुपये. वर्षातून अडीचशे रात्री लाइट गेली तर कागदावर एलएफपी बारा वर्षं जाते. मी तो बाराचा आकडा मानत नाही. उन्हाची झीज आणि बीएमएसचं आयुष्य पाहता आठ वर्षं मिळाली तरी भरून पावलो समजावं. पण एनएमसीची कागदावरचीच चार वर्षं आहेत, तीसुद्धा सेल नवे असतील तर.

नवे नसतील, हा माझा संशय होता आणि त्याचं कारण किंमतच. लोह आणि फॉस्फरस जगभर मुबलक. कोबाल्टचा मोठा वाटा एकट्या काँगोतून येतो, निकेलचा इंडोनेशियातून. म्हणून एनएमसी महाग असायला हवी. २०२४ मध्ये जागतिक बाजारात एलएफपीचे पॅक युनिटमागे एनएमसीपेक्षा जवळपास ३० टक्के स्वस्त होते. मग गावातल्या दुकानात उलटी गंगा कशी? बहुतेक वेळा एकच उत्तर असतं. ते सेल जुन्या स्कूटरच्या किंवा लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले असतात, वर नवीन निळा किंवा हिरवा प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला. निम्मं आयुष्य आधीच गेलेलं असेल तर त्या हिशेबातले पंधरा रुपये तीस होतात. एनएमसी जर एलएफपीपेक्षा स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्ताईच धोक्याची खूण समजावी.

स्कूटरवाल्याचा हिशेब मात्र वेगळा येतो, आणि लोक इथेच फसतात. तीन युनिटची स्कूटर एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर गेली आणि रोजची धाव ३० किलोमीटर असली, तर वर्षाला पूर्ण सायकली ११० च्या आसपास होतात. १,००० सायकलीसुद्धा नऊ वर्षं पुरतात. त्याच्यासाठी सायकलींचा आकडा बिनमहत्त्वाचा. तिथे उन्हात लावलेली गाडी आणि रात्रभर १०० टक्क्यांवर राहिलेली बॅटरी हेच शत्रू. चोपड्याहून जळगावला रोज माल घेऊन येणाऱ्या तीनचाकीचं उलट. तिची रोज एक पूर्ण सायकल होते, तिला एलएफपीच हवी.

राहिली आग. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या पाठोपाठ आल्या, त्यानंतर सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरीचे नियम कडक केले. आतेभावाच्या घरात तेव्हापासून आत्याचं एकच म्हणणं, “ती लिथियम घरात नको.” तिची भीती अगदीच खोटी नाही, पण दोन्ही डब्यांना सारखी लागू नाही.

एनएमसीचे थर ढासळतात तेव्हा त्यांतून ऑक्सिजन सुटतो. सेलमध्ये जळणारं द्रव आधीच असतं आणि उष्णताही. आगीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच बंद नळकांडीत. म्हणून तिच्यावर रेती टाकून किंवा ओलं पोतं टाकून उपयोग होत नाही. बाहेरची हवा तिला लागतच नाही. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग त्याचा शेजारी. एलएफपीमध्ये ऑक्सिजनला फॉस्फरसने घट्ट धरलेलं असतं, तो सहज सुटत नाही. साधारणपणे एनएमसीचा सेल २१० अंशांच्या आसपास स्वतःहून भडकायला लागतो, एलएफपीला २७० च्या आसपास जावं लागतं, आणि भडकली तरी तिची उष्णता कमी असते.

याचा अर्थ एलएफपी पेटत नाही असा नाही, दुकानदार काहीही सांगो. आतलं द्रव दोन्हीकडे तेच, जळणारंच. सेल फार तापला की झडपेतून वायू सोडतो, त्यात हायड्रोजन असतो, आणि बंद खोलीत साचलेल्या त्या वायूला ठिणगी लागली तर स्फोट होऊ शकतो. शिवाय पुष्कळ आगींची सुरुवात रसायनातून होत नाही. ढिला नट, कच्चं वेल्डिंग, पातळ वायर यांतून होते. जोड तापतो, प्लास्टिक वितळतं, मग सेलची पाळी येते. म्हणून बॅटरी कपाटात कोंडू नये आणि पहिल्या रात्री तासभर चालल्यावर टर्मिनलजवळच्या वायरवर हात ठेवून पाहावा. हात ठेववत नसेल तर जोड कच्चा आहे. धूर किंवा गोडसर उग्र वास आला तर मेन बंद करून बाहेर पडावं आणि लांबून भरपूर पाणी मारून ती थंड करत राहावी.

आतेभावाला मी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. पहिली, लेबलावर LiFePO4, म्हणजे एलएफपीचंच रासायनिक नाव, आणि १२.८ आहे का. २४ व्होल्टवाल्यांनी २५.६ पाहावं. ४८ वाल्यांनी जरा जपून. सोळा एलएफपी सेलांचे ५१.२ होतात आणि चौदा एनएमसीचे ५१.८, घाईत दोन्ही सारखेच वाचले जातात.

दुसरी, वजन. किलोला १६० वॉट-तास धरले तर १,२८० वॉट-तासांना नुसते सेलच आठ किलोचे लागतात. डबा, बीएमएस, वायरी धरून दहा-बारा किलो व्हायला हवेत. सहा किलोत ‘१०० एएच एलएफपी’ कोणी देत असेल तर लेबल खोटं आहे. खान्देशात वजनकाटा शोधावा लागत नाही. आतेभावाने बॅटरी घरी नेण्याआधी केळीच्या काट्यावर ठेवली, ११ किलो ६०० ग्रॅम भरली.

तिसरी, मल्टिमीटर. पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून दोन तास सोडायची. एलएफपी १३.३-१३.४ च्या आसपास येऊन थांबते, आणि तिथून निम्मी वापरली तरी १३.१-१३.२ दाखवते. हीच तिची खूण आहे आणि हीच तिची खोडही. एनएमसीचा व्होल्ट वापराबरोबर उताराने खाली येतो, त्यामुळे किती शिल्लक आहे ते कळतं. एलएफपीचा व्होल्ट तापीकाठच्या शेतासारखा सपाट असतो आणि शेवटी एकदम कडा येतो. व्होल्ट पाहून दिवे लावणाऱ्या इन्व्हर्टरला ते उमगत नाही. तीन दिवे दिसत असताना पाच-दहा मिनिटांत घर अंधारात जाऊ शकतं, आणि लोक बॅटरी बदलून मागायला जातात. बॅटरी ठीक असते, दिवे खोटे असतात.

म्हणून दोघींना वागवायची रीतही उलटी. एनएमसी रोजच्या वापराला ८० टक्क्यांपर्यंतच भरावी. एलएफपी मात्र आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पूर्ण भरू द्यावी, कारण तिचा बीएमएस चार सेलांना एका पातळीवर आणायचं काम शेवटच्या टोकालाच करू शकतो. मधल्या सपाट भागात त्यालाही सेलांतला फरक दिसत नाही. इन्व्हर्टरला लिथियमचा मोड असेल तर तोच लावावा. नसेल तर ट्युब्युलरचा मोड नको, त्यात काही इन्व्हर्टर मधूनच १५ व्होल्टच्या वर चढतात. सीलबंद बॅटरीचा मोड १४.४ च्या आसपास थांबतो, तो चालतो.

आतेभावाने २१ हजारांचीच घेतली. आत्याच्या समाधानासाठी ती ओट्याखालून उचलून ओसरीवर, सावलीत, भिंतीला हातभर जागा सोडून ठेवली. परवा फोन आला, पहिल्याच रात्री चार तासांना दहा मिनिटं कमी चालली. इन्व्हर्टरवरचे दिवे शेवटपर्यंत तीनच होते, तेव्हा त्याने त्यांवर चिकटपट्टी लावली आहे आणि आता घड्याळ पाहतो.